डिस्चार्ज कार्डाच्या फोटोवरून सोप्या मराठीत कागद कसा तयार करावा, आणि न लागणाऱ्या अक्षराचं काय करावं

हॉस्पिटलमधून घरी सोडताना जे कागद मिळतात त्यांना पुण्यात सगळे डिस्चार्ज कार्डच म्हणतात, मग ते दोन पानांचे असोत की सहा. वरची पानं बहुधा छापील असतात. शेवटच्या पानावरची औषधं, तारखा आणि सूचना मात्र निघायच्या गडबडीत पेनाने लिहिलेल्या असतात. म्हणजे घरी गेल्यावर ज्या ओळी बघून रोज गोळ्या द्यायच्या, नेमक्या त्याच वाचायला सगळ्यांत अवघड. मग नातेवाईक फोटो पाठवतात आणि म्हणतात, "हे जरा सोप्या मराठीत लिहून द्या." हा लेख ते लिहून देणाऱ्या नवख्या माणसासाठी आहे. तो घरातला कॉलेजात जाणारा मुलगा असेल, सोसायटीतल्या निवृत्त शिक्षिका असतील किंवा रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेतला नवा कार्यकर्ता असेल.

कामाची हद्द आधी ठरवून घ्या. जे वाचता येतंय ते सोप्या शब्दांत मांडायचं, आणि जे वाचता येत नाही ते नेमकं कुठे आहे हे ठळक दाखवायचं, एवढंच आपलं काम. मधली रिकामी जागा अंदाजाने भरलेला कागद मूळ कार्डापेक्षा जास्त धोक्याचा असतो. गिचमिड अक्षर बघून माणूस निदान कुणाला तरी विचारतो. सुबक टाइप केलेल्या कागदाला कुणी काही विचारत नाही, घरचे तर नाहीच, पण पुढच्या वेळी तो कागद हातात घेणारे गावातले डॉक्टरही नाही.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, समजावण्यासाठी रचलेलं. सासवडच्या ६४ वर्षांच्या बाई, जुना मधुमेह, बीपी आणि थायरॉइड. डाव्या पायाला सेल्युलायटिस म्हणजे त्वचेचा जंतुसंसर्ग झाल्यामुळे पुण्यातल्या हॉस्पिटलात २२ जूनला दाखल, २८ जूनला घरी. कार्ड चार पानांचं: तीन पानं छापील, चौथं हाताने लिहिलेलं.

फोटो नीट नसेल तर पुढे जाऊ नका

वाचता न येणाऱ्या बऱ्याच गोष्टी डॉक्टरांच्या अक्षरामुळे नव्हे, तर फोटोमुळे वाचता येत नाहीत. त्या सोडवायला डॉक्टरांना फोन करायची गरज नसते, नवा फोटो पुरतो. म्हणून हा टप्पा आधी.

प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू मागवा. पुढच्या तपासणीची तारीख किंवा ड्रेसिंगची सूचना बऱ्याचदा शेवटच्या पानाच्या पाठीवर असते. कागद खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवायला सांगा आणि फ्लॅश बंद. पावसाळ्यात कार्ड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये असतं, ते बाहेर काढायला आठवणीने सांगा, कारण प्लास्टिकवरची चमक नेमकी एखाद्या आकड्यावर येते. डाव्या कोपऱ्यातल्या स्टेपलपाशी कागद दुमडलेला असतो आणि तिथे औषधांचे क्रमांक किंवा ओळीचा पहिला शब्द लपतो. तेवढ्या कोपऱ्याचा वेगळा फोटो घ्या. हाताने लिहिलेल्या पानाचा एक पूर्ण फोटो हवाच, शिवाय तीन-चार ओळींचे जवळून घेतलेले फोटो, आधीच्या फोटोतली शेवटची ओळ पुढच्या फोटोत पुन्हा येईल असे. म्हणजे मधली एखादी ओळ गळत नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक खुणा पुसट होतात. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. स्कॅनर अ‍ॅपमधला काळा-पांढरा फिल्टर तर टाळाच. पान स्वच्छ दिसतं खरं, पण फिकट निळ्या शाईतला दशांश टिंब त्यात उडतो आणि २.५ चे २५ होतात. घरच्यांकडे कार्बन कॉपी असेल तर वरची मूळ प्रत कुठे आहे ते विचारा.

फोटो आले की प्रत्येक पानावरचा दाखल रुग्णाचा म्हणजे आयपीडी क्रमांक, वय आणि दाखल तारीख जुळते का ते बघा. दुसऱ्याच रुग्णाचं एखादं पान मध्ये आलेलं असू शकतं. जुळवून झाल्यावरच नाव, मोबाइल आणि पत्ता झाका, तेही दुसऱ्या कुणाला फोटो दाखवायचा असेल तर. फोनमधल्या रंगीत मार्करने रेघ ओढण्यापेक्षा कागदाची पट्टी ठेवून नवा फोटो काढलेला बरा. मार्करची रेघ अर्धपारदर्शक असली की उजेड वाढवून खालचं नाव वाचता येतं.

आधी जसंच्या तसं उतरवा, अर्थ नंतर

नवखा माणूस इथेच घसरतो. कार्ड वाचता वाचता तो थेट मराठीत लिहायला लागतो, आणि अक्षर कुठे संपलं आणि स्वतःचा समज कुठे सुरू झाला, हे त्यालाही नंतर सांगता येत नाही. म्हणून पहिली प्रत कार्डावर जी लिपी, जे अक्षर, जी खूण आहे तशीच उतरवायची. लघुरूप फोडायचं नाही, स्पेलिंग सुधारायचं नाही, खोडलेलं गाळायचं नाही. प्रत्येक ओळीला पान आणि ओळ क्रमांक द्यायचा. आपल्या उदाहरणातलं चौथं पान असं उतरतं; [अ1] सारखी खूण म्हणजे तिथलं अक्षर लागलेलं नाही:

```
पान 4
ओळ 1: T. Augmentin 625   1 - [अ1] - 1   x 5/7
ओळ 2: Inj. Mixtard 30/70   14U - 0 - 8[अ2]   a.c.
ओळ 3: T. Thyronorm [अ3]5   1 - 0 - 0
ओळ 4: T. Pan 40   1 - 0 - 0   BBF
ओळ 5: T. PCM 650   SOS
ओळ 6: Rest CST
ओळ 7: F/U 5/7 c̄ RBS, S. Creat
```

शंकेसाठी प्रश्नचिन्ह वापरू नका. डॉक्टर स्वतः निदानाआधी प्रश्नचिन्ह घालतात; त्याचा अर्थ 'हा आजार असावा अशी शंका आहे, खात्री नाही' असा असतो. ती डॉक्टरांची शंका, आणि अक्षर न लागणं ही आपली शंका. दोन्हींना एकच खूण वापरली तर पुढचा वाचणारा 'डॉक्टरांनाच खात्री नव्हती' असं समजतो. म्हणून आपल्या खुणेला अक्षर आणि क्रमांक द्या.

उतरवून झालं की कार्डाचा फोटो दुसऱ्या माणसाला द्या, आपली प्रत मात्र दाखवू नका. एकदा का 'थायरोनॉर्म ७५' असं टाइप केलेलं डोळ्यांखालून गेलं, की दुसऱ्यालाही तिथे ७ च दिसतो. त्याने स्वतंत्र वाचावं, मग दोन प्रती शेजारी ठेवाव्यात. जिथे फरक पडेल तिथे खूण, मग तुम्हाला स्वतःला कितीही खात्री वाटत असो.

तीन प्रकारची शंका, तीन वेगळ्या खुणा

पहिला प्रकार: अक्षरच लागत नाही. याला 'अ'. आपल्या पानावर अशा तीन जागा आहेत आणि तिन्ही जवळून बघण्यासारख्या आहेत.

अ१ मध्ये ऑगमेंटिनच्या दोन एकांमधली खूण. ती उभी, जरा फुगीर रेघ आहे. शून्य घाईत चेपला गेला असेल किंवा एक जाड आला असेल. ६२५ ची ही गोळी दिवसातून दोनदाही देतात आणि तीनदाही, त्यामुळे 'नेहमी किती देतात' हे आठवून काही ठरत नाही.

अ२ सगळ्यांत गंभीर. मिक्सटार्ड हे इन्सुलिन. सकाळच्या आकड्यापुढचा यू वरून उघडा आहे, म्हणून तो युनिटचा यू आहे हे कळतं. संध्याकाळच्या आठापुढचा मात्र वरून जवळजवळ बंद झालाय. तो यू असेल तर आठ युनिट, शून्य असेल तर ऐंशी. इतकं इन्सुलिन कोण देईल, असं मनात येतं आणि हात आपोआप ८ लिहायला जातो. तरीही लिहायचं नाही. ठरवणारे आपण नाही, आणि ही खूण न लावता पुढे गेलो तर पुढच्या जागी, जिथे दोन्ही आकडे शक्य वाटतात, तिथेही तीच सवय लागते. यूचा शून्य वाचला जाण्याचा हा धोका इतका ओळखीचा आहे की अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ सालच्या 'वापरू नका' यादीत हे लघुरूप घातलं. आपण जो मराठी कागद करू त्यात 'युनिट' हा शब्द पूर्णच लिहायचा.

अ३ मध्ये थायरॉइडच्या गोळीचा पहिला आकडा. इंग्रजी २ चं खालचं वळण आखूड राहिलं की तो ७ दिसतो. २५ ची गोळी बाजारात मिळते आणि ७५ चीही, त्यामुळे 'असली गोळी येतच नाही' या वाटेनेही सुटका नाही. त्यात बाईंच्या घरी असलेली जुनी पट्टी ५० ची. म्हणजे डोस कमी केलाय की वाढवलाय, हेच या एका वळणावर अवलंबून आहे.

दुसरा प्रकार: अक्षर स्वच्छ लागतं, पण अर्थ दोन निघतात. याला 'द', म्हणजे दुहेरी. सातवी ओळ बघा. ५/७ हे लिहायची एक रूढ पद्धत आहे: वर दिवस, खाली आठवड्याचे सात, म्हणजे पाच दिवस. खाली ५२ असेल तर आठवडे आणि १२ असेल तर महिने. पहिल्या ओळीत ५/७ च्या आधी गुणिले खूण आहे, म्हणून तिथे 'पाच दिवस' हा अर्थ निश्चित. पण सातव्या ओळीत पुढच्या भेटीसाठी नुसतं ५/७ लिहिलंय. घरी सोडलं २८ जूनला. पाच दिवसांनी म्हणजे ३ जुलै. तारीख म्हणून वाचलं तर ५ जुलै. दोन्ही अर्थ बसतात, म्हणून द१.

तिसरा प्रकार: ओळ वाचता येते, अर्थही कळतो, पण कार्डातल्या दुसऱ्या ओळीशी तिचं जमत नाही. याला 'वि', विसंगत. सहाव्या ओळीत लिहिलंय की बाकी सगळं चालू तेच ठेवा. सीएसटी म्हणजे आहे तेच उपचार पुढे. दुसऱ्या पानावर मात्र छापलंय की क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी १.९, म्हणजे वाढलेली आल्यामुळे टेल्मिसार्टन थांबवली. ही बाईंची जुनी बीपीची गोळी. 'चालू तेच' म्हणजे दाखल होण्याआधी घरी चालू असलेलं धरलं, तर गोळी घ्यायची. वॉर्डात चालू असलेलं धरलं, तर घ्यायची नाही. अक्षर सुंदर आहे आणि तरीही सूचना उलटसुलट. म्हणून शंका फक्त गिचमिड जागीच असते असं समजू नका. हाताने लिहिलेली प्रत्येक ओळ छापील पानांशी ताडून बघा, विशेषतः औषध थांबवलं, बदललं असं कुठे आलंय का ते. शरीराची बाजूही बघा: एका पानावर डावा पाय आणि दुसऱ्यावर उजवा, हेही 'वि'च.

लघुरूपं फोडताना

बहुतेक लघुरूपं सरळ असतात. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस लागेल तेव्हाच, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, बीबीएफ नाश्त्याआधी. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

घोटाळा करणारी थोडीच आहेत, पण ती ओळखून ठेवा. ओडी गोळीपुढे आलं तर दिवसातून एकदा, डोळ्याच्या थेंबांपुढे आलं तर उजवा डोळा. डी आणि सी मध्ये तिरकी रेघ असेल तर डिस्चार्ज किंवा औषध बंद, दोन्ही होऊ शकतं. औषधाच्या नावापुढे असेल तर खूण लावाच. छोट्या सी अक्षरावर आडवी रेघ म्हणजे 'सोबत', आणि एसवर तशीच रेघ म्हणजे 'विना'. घाईत लिहिलेला सी आणि एस सारखेच दिसतात. आपल्या सातव्या ओळीत सी आहे, म्हणजे साखरेची आणि क्रिएटिनिनची तपासणी करून रिपोर्ट सोबत आणायचे.

निदानातले शब्द सोपे करताना त्यांचं वजन बदलू देऊ नका. एस तिरकी रेघ ओ म्हणजे 'असं वाटतं', आर तिरकी रेघ ओ म्हणजे 'हे नाही ना याची खात्री करायची'. दोन्हींचं भाषांतर 'आहे' असं केलं की संशयाचं निदान होऊन बसतं. घरी सोडताना 'स्टेबल' लिहिलं असेल तर 'प्रकृती स्थिर' लिहा, 'बऱ्या झाल्या' नको. क्रिएटिनिन वाढलेलं लिहिलंय, तर तेवढंच लिहा. 'किडनी खराब झाली' हे कार्डात नाही.

बिल, पट्टी आणि जुनी चिठ्ठी: आधार किती धरायचा

अक्षर लागलं नाही की घरचे हॉस्पिटलच्या मेडिकलचं बिल पुढे करतात. ते छापील असतं, त्यात औषधाचं नाव आणि ताकद स्वच्छ असते. आपल्या उदाहरणात बिलावर थायरोनॉर्म ७५ आहे. मग अ३ सुटला का? नाही. मेडिकलवाल्याने हेच अक्षर, याच कागदावरून वाचलं. त्याचा समज छापला गेला, एवढंच. तो बरोबर असेलही, पण तो दुसरा साक्षीदार नाही. वॉर्डातला औषधांचा तक्ता मात्र वेगळा पुरावा आहे, कारण सिस्टर रोज त्यावरून औषध देत होत्या. तरी तोही वॉर्डातला डोस सांगतो. घरी जाताना डोस बदलला असेल तर तक्त्यात तो नसणार.

म्हणून बिलात जे दिसतं ते कागदावर जरूर लिहा, पण वेगळं: कार्डावर काय दिसतंय, बिलात काय आहे, घरी कोणती पट्टी आहे. तिन्ही ओळी शेजारी असल्या की फोनवर डॉक्टरांना उत्तर द्यायला अर्धं मिनिट लागतं. मूळ नोंदींची प्रत हवी असेल तर मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. आज रात्रीच्या इन्सुलिनसाठी अर्थातच ही वाट उपयोगाची नाही.

सोप्या भाषेतला कागद

आता मराठी लिहायला घ्या. क्रम घरच्यांच्या गरजेचा ठेवा, कार्डाचा नको. सर्वांत वर शंकांची चौकट, कारण ती उत्तरं औषध देण्याआधी हवीत. मग औषधं, मग पुढची भेट आणि यायचे राहिलेले रिपोर्ट, आणि शेवटी का दाखल केलं व काय केलं. नवख्यांना हा क्रम उलटा वाटतो, पण सासवडला पोचल्यावर पहिला प्रश्न 'आता कोणती गोळी?' हाच असतो.

औषधाचं नाव पट्टीवर छापलंय त्याच इंग्रजी अक्षरांत लिहा आणि शेजारी देवनागरीत उच्चार द्या. घरच्या माणसाला पट्टी हातात घेऊन अक्षरं जुळवायची असतात. आकड्यांचंही तसंच. मराठी १ घाईत इंग्रजी ९ सारखा दिसतो, म्हणून एकाच कागदावर दोन्ही प्रकारचे आकडे मिसळू नका. पट्टीवर इंग्रजी आकडे असतात, तेच ठेवा आणि डोस अक्षरीही लिहा. खाली जागेसाठी नावं फक्त देवनागरीत दिली आहेत.

> आधी हे विचारा. पुढचा डोस देण्याआधी.
> अ2: मिक्सटार्ड, संध्याकाळचा डोस वाचता येत नाही. (पान 4, ओळ 2)
> वि1: टेल्मिसार्टन घ्यायची की नाही? पान 2 वर थांबवली म्हटलंय, पान 4 ओळ 6 वर बाकी चालू ठेवा म्हटलंय.
> अ3: थायरोनॉर्म किती ताकदीची? कार्डावर पहिला आकडा 2 किंवा 7. बिलात 75. घरी जुनी पट्टी 50.
> अ1: ऑगमेंटिन दुपारी घ्यायची की नाही?
> द1: पुढची भेट 3 जुलैला की 5 जुलैला?
>
> औषधं
> मिक्सटार्ड 30/70 इंजेक्शन: सकाळी जेवणाआधी 14 (चौदा) युनिट. दुपारी नाही. संध्याकाळी: अस्पष्ट, अ2 बघा.
> ऑगमेंटिन 625: सकाळी 1 (एक), रात्री 1 (एक), पाच दिवस. दुपारी: अस्पष्ट, अ1 बघा.
> थायरोनॉर्म: सकाळी 1 (एक) गोळी. ताकद: अस्पष्ट, अ3 बघा.
> पॅन 40: सकाळी नाश्त्याआधी 1 (एक).
> पॅरासिटॅमॉल 650: लागेल तेव्हाच. कशासाठी आणि दिवसात जास्तीत जास्त किती, ते कार्डात लिहिलेलं नाही.
> टेल्मिसार्टन: विसंगत, वि1 बघा.
>
> राहिलेला रिपोर्ट
> पू तपासणीचा रिपोर्ट घरी सोडताना आला नव्हता. (पान 2)
>
> काय झालं होतं
> डाव्या पायाच्या त्वचेला आणि तिच्या खालच्या भागाला जंतुसंसर्ग झाला होता. दाखल होताना साखर आटोक्यात नव्हती. शिरेतून अँटिबायोटिक दिलं आणि इन्सुलिन सुरू केलं. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी 1.9 आली, ती वाढलेली आहे असं लिहिलंय. घरी सोडताना ताप नव्हता, प्रकृती स्थिर होती. (पान 1 ते 3)

संध्याकाळच्या डोसची जागा कोरी सोडलेली नाही, हे लक्षात घ्या. कोरी जागा घरच्यांना 'काही नाही' अशी वाटते. तिथे 'अस्पष्ट' हा शब्दच लिहायचा, आणि 'बहुतेक ८' असं शेजारी मुळीच नाही. 'बहुतेक' कुणी वाचत नाही, ८ वाचतात.

कार्डात नसलेली सूचनाही घालू नका. पाय उंच ठेवा, गोड खाऊ नका, हे कितीही योग्य वाटलं तरी ते कार्डाच्या नावावर जाईल. काही राहिलंय असं वाटलं तर ते प्रश्न म्हणून लिहा. आपल्या उदाहरणात असे दोन प्रश्न नक्की निघतात. कोणती लक्षणं दिसली तर ताबडतोब यायचं, हे कार्डात कुठेच नाही. आणि इन्सुलिन वायलमधून द्यायचं की पेनने, हेही नाही. भारतात इन्सुलिनची वायल बहुधा एका मिलिलीटरला ४० युनिटची असते आणि पेनचं काट्रिज १०० युनिटचं. सिरिंजही त्या त्या ताकदीचीच लागते. वायल ४० ची आणि सिरिंज १०० ची असेल, तर १४ च्या रेघेपर्यंत भरूनही पोटात ६ युनिटसुद्धा जात नाहीत.

फोन कसा करायचा

कार्डावर वॉर्डचा किंवा डॉक्टरांच्या युनिटचा फोन नंबर असतो. आयपीडी क्रमांक आणि डिस्चार्जची तारीख हातात ठेवा आणि वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांशी बोलायला मागा. प्रश्नात उत्तर घालू नका. "संध्याकाळी आठच ना?" असं विचारलं की गडबडीत असलेला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. "मिक्सटार्डचा संध्याकाळचा डोस किती युनिट?" असं विचारा आणि फाइल बघून सांगायची विनंती करा. उत्तर आलं की परत म्हणून दाखवा, आकडा सुटा सुटा: "एक-चार, चौदा सकाळी, संध्याकाळी नुसते आठ, बरोबर?" चौदा आणि चाळीस, साठ आणि सात हे फोनवर सहज चुकतात.

कागदावर उत्तराशेजारी कुणी सांगितलं, त्यांचं पद, तारीख आणि वेळ लिहा. शक्य असेल तर पुढच्या भेटीत मूळ कार्डावर दुरुस्ती करून डॉक्टरांची सही घ्या. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मेडिकल कौन्सिलचा नियमच सांगतो की औषधं वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत. तेव्हा पुन्हा नीट लिहून मागण्यात संकोच नको.

वॉर्डचा फोन लागला नाही आणि इन्सुलिनची वेळ जवळ आली, तर नातेवाइकांना कार्ड घेऊन त्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जायला सांगा. डोस द्यावा की टाळावा हे आपण फोनवर सांगायचं नाही. बाईंना घाम फुटलाय, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध होतंय असं घरचे म्हणाले, तर कागद बाजूला ठेवून १०८ लावायला सांगा.

उत्तरं आल्यावर

खुणा पुसून टाकून नवा कागद करू नका. 'अस्पष्ट' च्या जागी उत्तर लिहा आणि शेजारी खूण तशीच ठेवा: "संध्याकाळी 8 (आठ) युनिट, अ2, निवासी डॉक्टर, 28 जून, सायं. 5.40". पुढे कुणी विचारलं तर कार्डावरून आलेलं किती आणि फोनवरून आलेलं किती, हे कळायला हवं. वर 'प्रत २' आणि तारीख घाला, आणि पहिली प्रत ज्या ज्या फोनवर गेली आहे तिथून ती काढायला सांगा. नाहीतर फ्रिजवर एक आणि मुलाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरी असे दोन डोस घरात फिरत राहतात.

पू तपासणीच्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक बदलू शकतं आणि गोळ्या आहेत पाच दिवसांच्याच. म्हणून तो रिपोर्ट कधी आणि कुठल्या खिडकीवर मिळेल, हे त्याच फोनमध्ये विचारून घ्या. तो आणायला कोण जाणार, त्याचं नाव कागदावर लिहा. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून औषध बदललं, तर तिसरी प्रत.